जेवल्यावर शुगर ६२ अन पहाटे ३ वाजता २९१, आईचं नक्की काय होतंय?

सुदामानगरची_लेक | सोमवार, रात्री १०.५०
नमस्कार, इंदूरहून लिहितेय. आई ६३ वर्षांची आहे, २१ वर्षांपासून डायबिटीस, गेली ८ वर्षं इन्शुलिन. ते ३०/७० वालं मिक्स घेते, सकाळी २२ अन रात्री १६ युनिट, जेवायच्या अर्धा तास आधी. चार महिन्यांपासून असं झालंय की अर्धी पोळी खाल्ली की म्हणते बास, पोट तट्ट भरलं. वजन ५२ होतं ते ४७ वर आलं. पण मला जे कळत नाहीये ते शुगरचं आहे. रात्री ८ ला इन्शुलिन, साडेआठला जेवण, अन १० वाजता तिला दरदरून घाम सुटतो, मशीनवर ६२. पोटात जेवण आहे तरी ६२! मग आम्ही पेढा देतो, बिस्किटं देतो, पाऊण तास काही होत नाही, शेवटी घाबरून अजून काहीतरी देतो. अन पहाटे ३ ला बघितलं तर २९१. डॉक्टर म्हणाले कमी खाताय म्हणून लो होतंय, नीट जेवा. HbA1c ७.४ आला म्हणून ते तसे खूश आहेत.
आणि हे लिहू की नको कळत नाही पण लिहिते, परवा सकाळी ७ ला उलटी झाली त्यात मक्याची सालं होती. भुट्ट्याचा कीस आदल्या दिवशी दुपारी खाल्ला होता. दुपारी १ ला. कुणाच्या घरात असं झालंय का?

भाऊसाहेब_अन्नपूर्णा | सोमवार, रात्री ११.२०
ताई काळजी करू नका, हा गॅसचा प्रकार आहे. माझा स्वतःचा डायबिटीस १४ वर्षांचा आहे अन मी एकही दिवस चुकवत नाही, सकाळी भिजवलेली मेथी एक चमचा, जेवणाआधी वाटीभर कच्ची काकडी-गाजर-कोबी, कोंड्यासकट पोळी, रात्री इसबगोल. फायबर वाढवा, पोट साफ राहील, शुगर पण हळू चढेल. माझी जेवणानंतरची १५० च्या वर जात नाही. आईंना ज्वारीची भाकरी सुरू करा.

वेट_लॉस_जर्नी_४४ | सोमवार, रात्री ११.४५
सेम प्रॉब्लेम मला पण आहे भिया!! मी वजनासाठी आठवड्याचं ते सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलंय, दोन महिने झाले, दोन घास खाल्ले की पोट भरतं अन सकाळी आंबट ढेकर. मी तर खूश आहे, ९ किलो कमी झालं. तुमच्या आईला पण वजन कमी होतंय म्हणजे शुगरला चांगलंच ना?

शोभाकाकू_आहार | मंगळवार, सकाळी ६.३५
सुदामानगरच्या लेकी, तुझं मक्याच्या सालांचं वाक्य लिहिलंस ते फार बरं केलंस, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मी २६ वर्षं हॉस्पिटलात डायटिशियन होते, आता रिटायर आहे, त्यामुळे डॉक्टर म्हणून नाही पण जे शेकडो पेशंट पाहून कळलं ते सांगते.
दुपारी १ ला खाल्लेलं सकाळी ७ ला जसंच्या तसं बाहेर येतं म्हणजे १८ तास ते जठरातच होतं. हा गॅस नाही. खूप वर्षांच्या डायबिटीसमधे पायाच्या नसा जशा बधिर होतात तशीच जठराला हलवणारी नसही खराब होते. जठराचा खालचा भाग एरवी पाट्यावर वाटावं तसं अन्न वाटतो, अगदी एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत, अन मगच पुढचं दार त्यांना सोडतं. ती वाटायची ताकद गेली की घट्ट अन्न तिथेच पडून राहतं. पाणी, ताक, पेज मात्र त्यामानाने बऱ्यापैकी खाली उतरतं कारण त्याला वाटावं लागत नाही. डॉक्टर याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात.
आता शुगरचं बघ. इन्शुलिन घड्याळाप्रमाणे काम करतं, ८ ला टोचलं की साडेनऊ-दहाला त्याचा जोर. पण साडेआठची पोळी तोवर आतड्यात पोचलीच नाही, आणि साखर रक्तात जाते ती आतड्यातून, जठरातून नाही. म्हणून पोट भरलेलं आणि रक्त उपाशी. मग रात्री १-२ नंतर जेवण एकदाचं खाली सरकतं, तेव्हा इन्शुलिनचा जोर ओसरलेला, वर तुम्ही दिलेले पेढे-बिस्किटं पण त्याच रांगेत, म्हणून ३ ला २९१. खाली-वरची सरासरी निघते म्हणून HbA1c ७.४ छान दिसतोय. तो छान नाहीये.
लो झाल्यावर पेढा देऊ नकोस बाळा. त्यात तूप-खवा आहे, बिस्किटात पण फॅट, ते जठराला अजून थांबवतं. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून पाजायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. हिच्या पोटात पाण्यालाही थोडा वेळ लागू शकतो हे लक्षात ठेव. आणि शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल. साखर लगेच चढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरी ठेवायचं का ते डॉक्टरांना विचार.

सुदामानगरची_लेक | मंगळवार, सकाळी ९.१०
काकू मी हे ऑफिसला जाताना बसमधे वाचलं अन रडूच आलं, चार महिने आम्ही तिला म्हणतोय नीट जेव नीट जेव. मग इन्शुलिन कमी करू का आजपासून? की जेवणानंतर देऊ?

शोभाकाकू_आहार | मंगळवार, सकाळी ९.५५
स्वतःच्या मनाने नाही. तिचं ते मिक्स इन्शुलिन आहे, त्यात थोड्या वेळाचं आणि लांब वेळाचं एकाच बाटलीत बांधलेलं असतं, एक हलवलं की दुसरं पण हलतं, हीच त्याची अडचण. पण आजच डॉक्टरांना फोन करून "जेवणानंतर दीड तासाने ६२, आणि पहाटे २९१" एवढं एक वाक्य सांग, रात्रीच्या डोसचं काय करायचं ते तेच आज सांगतील. हे भेटीपर्यंत थांबायचं काम नाही. अन पाच दिवस वही ठेव. जेवणाआधी, १ तासाने, २ तासाने, ४ तासाने, आणि पहाटे ३ ला. बाजूला काय खाल्लं, किती तेल-तूप, उलटी झाली का. वही पाहिली की डॉक्टरांना कमी खाल्लं म्हणून लो असं म्हणता येणार नाही, कारण कमी खाऊन लो झालं असतं तर पहाटे २९१ कुठून येणार?
वजनवाल्या दादा, तुमचं वेगळं आहे. ते औषधच पोट हळू रिकामं करतं, नस खराब झालेली नाही, औषध थांबवलं की सहसा सुटतं. पण आंबट ढेकर वाढले, उलट्या लागल्या तर तुमच्या डॉक्टरांना सांगा, आणि कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूल देणाऱ्याला हे इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगाच, पोटात अन्न राहिलेलं असू शकतं. आणि ४७ किलोच्या ६३ वर्षांच्या बाईचं वजन उतरणं शुगरला चांगलं नसतं हो.

भाऊसाहेब_अन्नपूर्णा | मंगळवार, दुपारी १.३०
शोभाताई आपला आदर आहे पण तुम्ही फायबर बंद करायला सांगणार असं दिसतंय. मऊ भात अन पेज डायबिटीसवाल्याला? शुगर ३०० ला जाईल. गेली १४ वर्षं सगळे डॉक्टर फायबर फायबर सांगतायत ते चूक?

शोभाकाकू_आहार | मंगळवार, दुपारी ३.१५
भाऊसाहेब, ते चूक नाही, तुमच्यासाठी बरोबर आहे. तुमचं जठर चालतं, त्याला काम दिलं तर ते करतं. फायबर करतं काय तर पोट हळू रिकामं करतं, म्हणून तुमची शुगर हळू चढते. हिच्या आईचं पोट मुळातच १८ तास धरून बसलंय, त्याला अजून हळू करायचं? शिवाय कच्चा कोबी, गवार, मेथीचे दाणे, संत्र्याच्या फोडींची सालं, मक्याची सालं, ओलं खोबरं हे वाटलं न गेल्याने आत एकमेकांत गुंतून गोळा होतो. मी एका आजोबांच्या एंडोस्कोपीचा फोटो पाहिलाय, लिंबाएवढा गोळा होता. इसबगोल तर पाण्यात फुगतं, ते जठरातच फुगून बसलं तर?
शुगर चढण्याचं तुमचं म्हणणं मात्र अगदी खरं आहे. मऊ भाताने चढते. म्हणून एका वेळेला थोडं, पाच-सहा वेळा, आणि इन्शुलिन त्याला जुळवून. ही ओढाताण पूर्ण सुटते असं मी म्हणणार नाही.

सुदामानगरची_लेक | रविवार, रात्री ९.२०
वही झाली. रात्रीचा डोस डॉक्टरांनी फोनवरच कमी केला होता म्हणून ६२ वगैरे नाही आलं, पण नमुना तोच. बुधवारी रात्री मुगाची खिचडी पातळ, तूप अर्धा चमचा, त्या दिवशी २ तासाला ११८, पहाटे १९०. गुरुवारी मामांकडे दाल-बाफले होते, आईने एकच बाफला खाल्ला पण तुपात बुडवलेला, २ तासाला ७४ अन पहाटे ३ ला ३२२, सकाळी उलटी. दोन्ही दिवशी इन्शुलिन सारखंच. मी हे बघून थक्क झाले. एकाच बाफल्याने एवढं?

शोभाकाकू_आहार | रविवार, रात्री १०.०५
बाफला आधी उकडून मग भाजतात अन मग तुपात. चांगला तुपातला एक बाफला दोन मोठे चमचे तूप सहज पितो, म्हणजे जवळजवळ ३० ग्रॅम फॅट. मी अशा पेशंटला अख्ख्या दिवसाचं ४० ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगायचे. फॅट आतड्यात पोचलं की आतडं जठराला उलटा निरोप देतं, थांब, हळू सोड. चांगल्या जठराला तो निरोप झेपतो.
तिचं रोजचं कसं करायचं ते सांगते. सकाळी उठल्यावर चहात साय नको, एक मारी बिस्किट चालेल. ८ ला पाऊण वाटी रव्याचा सैल उपमा, एक चमचा तेलात, किंवा दोन छोट्या इडल्या सांबारातल्या पाण्यात कुस्करून. पोहे खायचे तर छान भिजवलेले मऊ, त्यावर सेव नाही (सेवेत वजनाच्या तिसरा हिस्सा तरी तेलच असतं), शेंगदाणे नाहीत, जिलबीचं तर विचारूच नका. ११ ला पातळ ताक, साय काढलेल्या दुधाच्या दह्याचं. १ ला गुरगुट्या भात मूठभर, पिवळ्या मुगाचं घोटलेलं वरण, दुधी किंवा लाल भोपळा साल काढून शिजवून काट्याने दाबल्यावर पूर्ण मोडेल असा. हीच परीक्षा ठेव, काट्याने दाबल्यावर पेस्ट झाली पाहिजे, दाणा-साल-दोरा उरला तर तो ताटात नको. स्वीडनमधे नेमकं हेच बारीक कणांचं जेवण इन्शुलिनवाल्या गॅस्ट्रोपॅरेसिसच्या पेशंटना देऊन पाहिलं होतं, २०१४ मधे छापून आलं, मळमळ, उलटी, पोट फुगणं कमी झालं. ४ ला पिकलेलं केळं अर्धं कुस्करून. रात्रीचं मात्र ७ च्या आत आणि सगळ्यात पातळ, मुगाचं कढण किंवा भाज्यांचं गाळलेलं सूप आणि दोन घास मेतकूट भात, कारण दिवस उतरला की या लोकांचं पोट जास्त हट्टी होतं, सकाळचं त्यातल्या त्यात बरं जातं. जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, अंगणात चालायला लाव.
प्रोटीन कमी पडेल, म्हणून भातात, सूपमधे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळ किंवा पनीरऐवजी घरचं फॅट कमी असलेलं दही. ती अंडं खाते का? आणि तिचे दात कसे आहेत? हे कुणीच विचारत नाही.

सुदामानगरची_लेक | रविवार, रात्री १०.४०
अंडं नाही खात. दात... वजन उतरल्यापासून कवळी सैल झालीये, ती जेवताना काढूनच ठेवते.

शोभाकाकू_आहार | रविवार, रात्री १०.५२
म्हणजे तोंडात वाटलं जात नाही आणि जठरातही वाटलं जात नाही. कवळी नीट करेपर्यंत पोळी मिक्सरमधून दुधात किंवा वरणात.

रामबाग_जुना_वाडा | सोमवार, सकाळी ७.४०
नवीन आहे इथे. माझ्या वडिलांना असंच निदान झालं होतं, त्यांना गॅसच्या गोळीतून लेव्होसल्पिराइड चालू होतं, दीड वर्षं सलग मेडिकलवरून आणत होतो, पाकिटावर कधी नीट वाचलंच नाही. पोट बरं होतं पण हात थरथरायला लागले, चाल अडखळत झाली, आम्हाला वाटलं पार्किन्सन. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर ठेवायला सांगितल्या अन हीच बाजूला काढली. बंद केल्यावर चार-पाच महिन्यांत बरंच सुधारलं, पूर्ण नाही. तुमच्या आईंना कुठली कॅप्सूल चालू आहे ते एकदा बघा.

सुदामानगरची_लेक | सोमवार, सकाळी ८.२५
दादा आत्ता उठून पाहिलं. सकाळची जी ॲसिडिटीची कॅप्सूल आहे तिच्यात रॅबेप्राझोल अन लेव्होसल्पिराइड दोन्ही लिहिलंय. तीन महिन्यांपासून. अन पोट दुखलं की डायसायक्लोमाइनची गोळी ती स्वतःच घेते.

शोभाकाकू_आहार | सोमवार, सकाळी ९.००
पोट दुखायची ती गोळी आतड्याची हालचाल मंदावते, आणि लेव्होसल्पिराइड पोट पुढे ढकलतं, म्हणजे एका हाताने ढकलायचं औषध आणि दुसऱ्या हाताने थांबवायचं. दोन्ही पट्ट्या घेऊनच पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आणि तपासणी करायची ठरली तर पोट चालवणारी आणि थांबवणारी दोन्ही औषधं आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, नाहीतर खोटं उत्तर येतं. काय कधी बंद करायचं ते तेच लिहून देतील.

सुदामानगरची_लेक | तीन आठवड्यांनी, शनिवार
उशीर झाला, माफ करा. पोटाच्या डॉक्टरांनी आधी एंडोस्कोपी केली कारण म्हणाले पुढे अडथळा, अल्सर, गाठ काही नाही ना हे बघितल्याशिवाय गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणता येत नाही. १२ तास उपाशी होती तरी आत अन्न दिसलं, अडथळा मात्र नाही. मग न्यूक्लिअर मेडिसिनमधे स्कॅन. खाण्यात अगदी थोडं किरणोत्सारी टेक्निशियम मिसळून देतात अन थोड्या थोड्या वेळाने ४ तासापर्यंत फोटो. अंड्याचा पांढरा बलक अन ब्रेड देतात हे मी आधी फोन करून विचारलं म्हणून बरं, त्यांच्याकडे शाकाहारींसाठी दुसरं ठरलेलं खाणं होतं. सकाळी आधी शुगर मोजली, २१० होती, म्हणाले २७५ च्या वर असती तर परत पाठवलं असतं, कारण जास्त शुगरनेच पोट सुस्तावतं. ४ तासांनी १० टक्क्यांपेक्षा कमी उरायला हवं, आईचं ३४ टक्के उरलं होतं.
मिक्स इन्शुलिन बंद केलं. आता रात्री एकदा लांबचं अन जेवणाचं झटपट इन्शुलिन आधी नाही, जेवण झाल्यावर, जेवढं खाल्लं त्याप्रमाणे. लेव्होसल्पिराइड काढलं, त्याऐवजी पोट पुढे ढकलायला डॉम्पेरिडोन दिलंय थोडे दिवस, त्याआधी ईसीजी काढला. डायसायक्लोमाइन फेकून दिलं.
गेल्या १६ दिवसांत एकदाच ७० च्या खाली. उलटी दोनदा. वजन ४७.८. पहाटेची शुगर १६० ते २२० असते अजून. भूक म्हणावी तशी नाही अन सकाळची मळमळ आहेच.

भाऊसाहेब_अन्नपूर्णा | शनिवार, संध्याकाळी
वाचून बरं वाटलं ताई. माझ्या साडूंना २४ वर्षांचा डायबिटीस आहे, त्यांना मीच इसबगोल लावून दिलं होतं, त्यांनाही अर्ध्या पोळीत बास होतं अन जेवल्यावर घाम येतो. काल त्यांना ते बंद करून डॉक्टरांकडे जायला सांगितलं. पण शोभाताई माझा प्रश्न राहिलाच, पहाटे २२० म्हणजे रोजच्या मऊ भाताचा परिणाम नाही का? हे असं वर्षभर चाललं तर किडनी, डोळे?

शोभाकाकू_आहार | शनिवार, रात्री ९.३०
प्रश्न रास्त आहे. आधी लो थांबवायचं, अन्न पोटात टिकवायचं, मग शुगर खाली आणायची, असा क्रम मी पाहिलाय. शुगर खाली आली की पोटही थोडं बरं चालतं कारण जास्त शुगर स्वतःच त्याला मंद करते. पण मऊ भातावर राहून ती किती खाली येईल हे पेशंटगणिक बदलतं, काहींना जमलं, दोघींना शेवटपर्यंत नाही जमलं. भाताऐवजी निम्म्या वेळा घोटलेलं मुगाचं वरण, दही आणि भोपळा वाढवून बघ, आणि चार-चार दिवसांनी वहीत पहाटेचा आकडा बघ. लेकी, ते ३४ टक्के पण मनात घट्ट धरू नकोस, तो आकडा आणि पेशंटला होणारा त्रास नेहमी जुळतातच असं नाही, ५० टक्केवाले हसत फिरताना पाहिलेत. वजन आणि पहाटेची शुगर हेच धर. एक मात्र, दिवसभर पाणीसुद्धा टिकलं नाही, किंवा उलट्यांसोबत शुगर ३०० च्या वर राहिली, तर वही-बिही बाजूला, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि खात नाही म्हणून रात्रीचं लांबचं इन्शुलिन स्वतःहून बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

सुदामानगरची_लेक | शनिवार, रात्री १०.१५
हो काकू, फ्रिजवर लिहून लावते. कवळी बुधवारी मिळतेय. आज आईने विचारलं की चतुर्थीच्या उपासाला साबुदाणा खिचडी चालेल का, मी म्हटलं काकूंना विचारते.

शोभाकाकू_आहार | शनिवार, रात्री १०.२६
दाण्याच्या कुटाशिवाय आणि तुपाशिवाय खिचडी तिला आवडणार नाही. साबुदाण्याची पातळ खीर कर, साय काढलेल्या दुधात, साखर जेमतेम, अर्धी वाटी, साबुदाणा पूर्ण विरघळेपर्यंत शिजव. इन्शुलिन खाल्ल्यावरच. आणि दोन तासाचा अन पहाटेचा आकडा इथे टाक, मलाही बघायचाय.

सुदामानगरची_लेक | बुधवार, सकाळी ६.५०
खीर अर्धी वाटी, रात्री ७ ला. २ तासाला १८४, पहाटे ३ ला १७१. उलटी नाही. उठल्या उठल्या पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला.

रामबाग_जुना_वाडा | बुधवार, सकाळी ७.३०
दीडशे-दोनशेच्या मधे सपाट, वर-खाली नाही. आमच्या बाबांचं एवढं सपाट यायला सात महिने लागले होते. कवळी आज ना? ती बसल्यावर पण आठवडाभर मिक्सर सोडू नका, हिरड्या दुखतात.